फोटो पुसण्याआधी हे पत्र वाचा

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर आई म्हणाली, "अगं, आपले फोटो आता क्लाउडवर असतात ना? मग मी फोनमधले जुने पुसून टाकते, जागा होईल." मी लगेच "थांब, काही पुसू नकोस" म्हटलं, पण का ते घाईत नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहितेय.

आई, तू ज्या गुगल फोटोजमध्ये फोटो बघतेस, तिथे फोनमधला फोटो आणि क्लाउडवरचा फोटो वेगवेगळे दिसत नाहीत. दोन्ही मिळून एकच चित्र दिसतं. तिथे कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबलंस की फोटो दोन्हीकडून जातो. तो Trash मध्ये साठ दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. त्यानंतर मात्र कायमचा जातो. आयफोनच्या आयक्लाउडचंही तसंच, फक्त तिथे मुदत साधारण तीस दिवसांची. जागा करण्यासाठी वेगळं बटण आहे: Free up space. क्लाउडवर पोहोचलेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती तेवढ्या ते काढतं, बाकीच्यांना हात लावत नाही.

पण हे बटण दाबल्यावर तो फोटो जगात एकाच ठिकाणी उरतो. आधी फोनमध्ये एक आणि क्लाउडवर एक अशा दोन प्रती होत्या. आता क्लाउडवरची तीच मूळ प्रत झाली. पासवर्ड हरवला किंवा खातं दोन वर्षं कुणी उघडलंच नाही, तर तीही जाऊ शकते. म्हणून माझा आग्रह आहे की Free up space च्या आधी सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवायचं.

बाबा, तुमच्या फोनचा हिशोब मी मागच्या वेळी मांडला होता. फोन ६४ जीबीचा. त्यात ८,४०० फोटो. एक सरासरी ३ एमबी धरला तर साधारण २५ जीबी झाले. व्हिडिओ आणखी १२. म्हणजे ३७ जीबी. गुगल फुकट देतं १५ जीबी, आणि त्यात तुमची मेलही येते, जिने ४ जीबी आधीच घेतली आहे. उरली ११. जागा भरली की बॅकअप थांबतो, नवे फोटो फोनमध्येच अडकून राहतात. फोटोजमध्ये वर उजवीकडे तुमचं चित्र दाबलं की Backup complete दिसतं की जागा संपल्याची सूचना, ते अधूनमधून बघत जा.

यावर एक मार्ग म्हणजे Storage saver. त्यात फोटो दाबून लहान केले जातात, फार मोठे असतील तर १६ मेगापिक्सेलवर आणतात. फोनवर बघायला फरक जाणवणार नाही, पण एकदा लहान झालेली प्रत परत मोठी होत नाही. आजीच्या अल्बममधले आपण स्कॅन केलेले फोटो मला असे दाबायचे नाहीत. त्यात तिच्या हातची अक्षरं आहेत, ती मोठी करून वाचायची असतात. त्यामुळे मी माझ्या खात्यावर १०० जीबीची योजना घेते आणि तुम्हा दोघांना कुटुंबगटात जोडते. माझ्याशिवाय आणखी पाच जण त्यात येऊ शकतात. जागा सामायिक राहील, फोटो ज्याचे त्यालाच दिसतील. बाबा, तुमच्या फोटोंवर माझी नजर पडेल ही काळजी नको.

व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या शुभेच्छांच्या चित्रांचा बॅकअप मात्र बंदच ठेवायचा. ती फोल्डर्स आपण निवडल्याशिवाय चढत नाहीत. पण ताईने पाठवलेले बाळाचे फोटो त्याच फोल्डरमध्ये असतील, ते आधी वेगळे करायचे. ते व्हॉट्सअॅपने आधीच दाबलेले असतात, म्हणून मूळ फोटो तिच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागून घेते.

या शनिवारी मी येते. बाबांचा फोन केबलने लॅपटॉपला लावू, कॅमेऱ्याचे फोटो असतात ते DCIM फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवू, दोन्हीकडची फाइलींची संख्या जुळवून बघू. मग वाय-फाय आणि चार्जर लावून फोन रात्रभर ठेवू, म्हणजे बॅकअप पूर्ण होईल. सकाळी लॅपटॉपवर photos.google.com उघडून जुने, मधले आणि नवे असे चार-पाच फोटो आणि दोन व्हिडिओ चालवून बघू. ते नीट उघडले, तरच Free up space. बाबा, तुमच्या खात्यात रिकव्हरीसाठी जुना नंबर आहे. तो बदलायला नव्या नंबरचा फोन हाताशी ठेवा.

आणि आई, फोन फारच अडला तर तोवर गॅलरीला हात न लावता दोन-तीन न वापरलेली अॅप्स काढ. तुझ्या फोनमध्ये मला चार दिसली होती.

तुमची,
धाकटी