जुन्या भाजल्याच्या डागावरची जखम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावच्या आरोग्य शिबिरांत जखमांची मलमपट्टी करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. तपासणीच्या आधी पाच-दहा मिनिटं लोकांशी बोलायचं काम माझ्याकडेच असतं. तिथे मी जे सांगते, ते आपल्या वाचकांपर्यंतही पोहोचावं म्हणून हे पत्र.

एका शिबिरात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ रक्तदाब तपासायला आले होते. पँटवर गुडघ्याच्या मागे ओला डाग दिसला, म्हणून मी विचारलं. लहानपणी पाय भाजला होता, तिथली कातडी आखडलेली, आणि तीच मधूनमधून फाटते, असं ते म्हणाले. या वेळी मात्र सात महिने झाले तरी जखम भरत नव्हती. रुमाल सोडला तेव्हा अंगठ्याच्या पेराएवढी जखम दिसली. कड वर उचललेली, बाहेर उलटलेली, आणि हातमोज्यातूनही बोटाला टणक लागणारी. कापूस नुसता टेकवला तरी रक्त आलं. वासही येत होता. ते म्हणाले, ‘‘दुखत नाही हो ताई, म्हणून कुणाला दाखवली नाही.’’

मला काळजी वाटली ती याच वाक्याची. खोल भाजलेल्या जागी संवेदना देणाऱ्या नसाच जळून गेलेल्या असतात. तिथे दुखत नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही. सांध्यावरची अशी कातडी चालता-बसता ताणली जाते, फाटते, भरते, पुन्हा फाटते. वर्षानुवर्षं हे चालत राहिलं, तर कधी कधी तिथेच कर्करोग मूळ धरतो. याला मार्जोलिन व्रण म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या मार्जोलिन या फ्रेंच शल्यचिकित्सकाचं नाव त्याला मिळालं आहे. भाजल्यानंतर वीस-तीस वर्षांनीही तो होतो, त्यामुळे लहानपणच्या भाजण्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

भरणाऱ्या जखमेची कड सपाट असते आणि तिथून पातळ, गुलाबीसर नवी कातडी आत सरकताना दिसते. तळ लाल आणि स्वच्छ असतो. कड उंच आणि कडक होत असेल, तळातून फुलकोबीसारखं मांस वर येत असेल, हात लागताच रक्त येत असेल, तर मलम बदलत बसू नका. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी जखमेच्या बाजूला पट्टी धरून लांबी-रुंदी मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. दोन आठवड्यांत जखम लहान व्हायला लागली पाहिजे. महिना उलटूनही भरली नाही, तर ती अंगावर कुठेही असो, डॉक्टरांना दाखवा. जुन्या भाजल्याच्या डागावर असेल तर महिनाभरही थांबू नका. अशा बहुतेक जखमा कर्करोगाच्या नसतात. वाढलेली साखर, मंदावलेला रक्तपुरवठा, चपलेचं घासणं अशी कारणं निघतात. पण नुसतं बघून कुणालाच खात्रीने सांगता येत नाही.

खात्री होते ती तुकडा काढून तपासल्यावर. तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती मी सगळीकडे ऐकते. ती खरी नाही. जागा बधिर करून लहानसा तुकडा घेतात. तो कडेचा असावा लागतो, कारण मधल्या भागात बऱ्याचदा नुसतं मेलेलं मांस असतं. या गृहस्थांचा पहिला तुकडा मधूनच घेतला गेला आणि अहवालात फक्त सूज आली. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जखम मात्र तशीच होती. म्हणून आम्ही पुन्हा पाठवलं. या वेळी कडेवर दोन ठिकाणी, जरा खोलवर तुकडे घेतले, आणि त्यात कर्करोग निघाला. अहवाल चांगला आला तरी जखम भरत नसेल, तर पुन्हा तपासणी मागायला संकोच करू नका.

रोग हाडापर्यंत गेला नव्हता आणि जांघेत गाठही नव्हती. आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट जखम काढली आणि मांडीची कातडी तिथे लावली. पाय वाचला. हाडापर्यंत गेलेल्यांचे पाय कापावे लागलेले मी पाहिले आहेत.

शिबिरं भरवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. रक्तदाबाच्या टेबलाशेजारी एक पडदा, एक खुर्ची आणि चांगला उजेड ठेवा. कपडा वर करायला आडोसा नसेल तर, विशेषतः बायका, जखम दाखवतच नाहीत. आणि प्रत्येकाला एवढं विचारा: अंगावर जुना भाजल्याचा डाग आहे का, आणि त्यावर सध्या काही उघडं आहे का?

आपली,
एक परिचारिका