आकाशकंदिलासोबत दिलेल्या होल्डर-संचाबद्दल तक्रार

दिनांक : 28 ऑक्टोबर 2025

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कापडी आकाशकंदील, होल्डर आणि वायर असा एकत्र संच सदोष असल्याबाबत, पैसे परत मिळण्याबाबत व दुकानांतला उरलेला माल मागे घेण्याबाबत

महोदय,

वसुबारसेच्या आदल्या दिवशी महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून मी आपल्या कंपनीचा घडीचा कापडी आकाशकंदील 649 रुपयांना घेतला. खोक्यात कंदील, तीन मीटर वायर, एक पांढरा होल्डर आणि दोन पिनांची टॉप असा सगळा संच होता. ‘फक्त बल्ब लावा’ असे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले आहे. कोणता बल्ब, किती वॅटचा, हे मात्र खोक्यावर नाही, आतल्या चिठ्ठीवर नाही आणि होल्डरवरही नाही. वर चित्रात पिवळाधमक जुन्या पद्धतीचा बल्ब लावलेला दाखवला आहे.

घरात ड्रॉवरमध्ये साठ वॅटचा तसाच एक बल्ब पडून होता. चित्र बघून आमच्या सौ.नी तोच लावला. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी साडेआठच्या सुमारास गॅलरीतून प्लास्टिक करपल्याचा वास यायला लागला. आधी वाटले, खाली कुणीतरी कचरा पेटवला. नातू ओरडला म्हणून बाहेर आलो, तर कंदिलाच्या गळ्याला दोन रुपयांच्या नाण्याएवढे भोक पडले होते आणि त्यातून बल्बची काच दिसत होती. स्वीच बंद केला. पेट घेतला नाही, एवढेच नशीब.

दुसऱ्या दिवशी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडच्या मुलाने नम्रपणे सांगितले, “सर, तुम्ही एलईडी लावायला पाहिजे होता, चूक तुमची आहे.” त्यासाठीच हे पत्र सविस्तर लिहितो आहे. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवून निवृत्त झालो आहे. आयुष्यभर पोरांना होल्डर भरायला शिकवला, त्यामुळे या उत्तराने माझे समाधान होत नाही. साठचा बल्ब लावला ही आमच्या घरची चूक, ती मी मान्य करतो. पण ती करायला आपल्या खोक्यानेच सांगितले होते आणि संचातले बाकीचे दोष एलईडी लावला तरी जात नाहीत.

आधी त्या भोकाबद्दल. कागद किंवा सुती कापड करपते तेव्हा आधी तपकिरी डाग पडतो, मग कड काळी होऊन चुरगळते. आमच्या कंदिलाला डाग नव्हताच. भोकाची कड आत वळलेली, कडक आणि गुळगुळीत होती. नखाने टोकरली तर मणी फुटावा तशी तुटली. याचा अर्थ वस्तू जळली नाही, वितळली. खोक्यावर ‘कापड’ लिहिले असले तरी हे बाजारहाटाच्या पिशव्यांना वापरतात ते नॉनवोव्हन आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते 160 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. कागद पेट घ्यायला साधारण 230 अंश लागतात. म्हणजे ज्याला लोक कागदापेक्षा दणकट समजून जास्त पैसे देऊन घेतात, ते उष्णतेला कागदापेक्षा आधी हार मानते. वर वितळलेला थेंब गरम असतानाच खाली पडतो. आमच्या गॅलरीत खाली पायपुसणे होते, फटाक्यांची पिशवीही होती.

आता बल्ब कापडापर्यंत पोचलाच कसा? आपला कंदील मधे फुगीर आहे. पोटाशी रुंदी 30 सेंटिमीटर, पण वरचा गळा फक्त 12. आपल्या होल्डरला वर एक प्लास्टिकची चाप आहे, ती कंदिलाच्या वरच्या कड्याला अडकते. त्यामुळे बल्ब बरोबर गळ्यातच राहतो. साध्या बल्बची जाडी 6 सेंटिमीटर. म्हणजे तो अगदी मधोमध लटकला तरी दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटरच उरतात. आणि मधोमध लटकत तर नाहीच, कारण चाप एका बाजूच्या कड्याला आहे. आमच्या मंगळवार पेठेतल्या गॅलरीत संध्याकाळी वारा असतो. कंदील हलला की बल्ब कापडाला टेकतो.

टेकणे आणि जवळ असणे यांत मोठा फरक आहे. उघड्या हवेतला बल्ब आपली उष्णता भोवतालच्या हवेला देत राहतो, त्यामुळे काच एका मर्यादेपर्यंत तापते. त्याच काचेवर कापड चिकटले की तेवढ्या जागेवर पांघरूण पडते, उष्णता बाहेर जायची वाट बंद होते आणि ती जागा बाकीच्या काचेपेक्षा जास्त तापते. म्हणूनच भोक गोल पडले, नेमके टेकल्या जागी. खात्री करायची म्हणून मी गच्चीवर, शेजारी पाण्याची बादली ठेवून, दुसरा साठचा बल्ब पेटवला आणि आपल्याच कंदिलाचा तुकडा चिमट्याने मानेजवळच्या काचेला धरून ठेवला. पंधरा मिनिटांच्या आत तो आकसला आणि काचेला चिकटला. घोटीव कागदाचा तुकडा तसाच धरला, तो फक्त पिवळसर झाला.

मग तोच बल्ब वायरने खाली सोडून कंदिलाच्या पोटात आणला. तिथे दोन्ही बाजूंना 12 सेंटिमीटर जागा मिळते. गळ्यातल्या कापडाचे तापमान मल्टिमीटरच्या थर्मोकपलने मोजले होते. बल्ब गळ्यात असताना कापडाला न टेकताही ते तासाभरात 90 अंशांच्या पुढे गेले होते. बल्ब पोटात उतरवल्यावर ते 55 च्या आसपास थांबले. नऊ वॅटचा एलईडी त्याच जागी लावला तर 40 च्या आतच राहिले. बल्ब तोच, कंदील तोच, फक्त जागा बदलली. तेव्हा अंतराचा हिशेब कंदील बनवणाऱ्याने करायचा असतो, गिऱ्हाइकाने नाही. मी पोरांना साध्या बल्बसाठी बाजूला किमान 10 सेंटिमीटर आणि वरच्या अंगाला त्याच्या दुप्पट मोकळी जागा ठेवायला सांगायचो, कारण गरम हवा वरच जाते.

वरची हवा जायला आपल्या कंदिलात वाटही नाही. गळ्यावर सजावटीची पुठ्ठ्याची टोपी आहे आणि तिच्यातल्या भोकात होल्डर बुचासारखा बसतो. आम्ही लहानपणी कामट्या बांधून, खळ लावून, पतंगाच्या कागदाचे कंदील करायचो. ते खालून आणि वरून उघडे असायचे. आत पणती ठेवली तरी कागद जळत नसे, कारण धूर आणि उष्णता सरळ वरून निघून जात होती. शोभेच्या टोपीसाठी आपण तेच भोक बुजवले आहे.

आता होल्डर, जो माझ्या मते या संचातला सर्वांत गंभीर दोष आहे. टोपण वर करून लटकवलेल्या बल्बची उष्णता वर चढून मानेला आणि होल्डरला तापवते. म्हणून बल्बचे होल्डर बेकेलाइटचे किंवा चिनी मातीचे करतात, ते तापून मऊ पडत नाहीत. आपला होल्डर साध्या पांढऱ्या प्लास्टिकचा आहे. दोन संध्याकाळींत त्याची कड पिवळी पडून वाकडी झाली, पिना सैल झाल्या आणि बल्ब आत खडखडतो आहे. पिना सैल झाल्या की ठिणगी पडते आणि ठिणगीने अजून तापते. होल्डरवर आयएसआय खूण नाही, आणि चांगल्या पिन-होल्डरवर कोरलेले असते तसे अँपिअर-व्होल्टही लिहिलेले नाहीत.

होल्डर उघडून पाहिला. वायरला आत गाठ नाही आणि वायर पकडणारी चापही नाही. दोन तारा थेट स्क्रूखाली दाबल्या आहेत. आणि चिठ्ठीवर आपण छापले आहे, ‘वायर खिळ्याला अडकवा’. म्हणजे कंदिलाचा सगळा भार त्या दोन स्क्रूंवर! वाऱ्याने दोन-चार दिवस हिसके बसले की एक तार सुटणार, आणि ती सुटलेली तार कुठे टेकेल ते सांगता येत नाही. कंदील दोरीने हुकाला टांगायचा आणि वायर तिच्या शेजारून सैल सोडायची, ही गोष्ट आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असते. वायरीवरचे पीव्हीसीचे आवरणही साधारण 70 अंशांसाठीच असते. होल्डरच्या आतल्या टोकाला ते आत्ताच कडक होऊन भेगाळले आहे.

आपल्या ग्राहक सेवेतल्या मुलाने सुचवलेला एलईडी मी आता लावला आहे. त्याची काच थंड राहते हे खरे, पण त्याचीही मान तापते, कारण आतले सर्किट तिथेच असते. टोपीने बंद केलेल्या गळ्यात तो कोंडला तर कापड जळणार नाही, पण बल्ब लवकर जाईल. म्हणून मी टोपी काढून टाकली, चाप कापली, आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून बेकेलाइटचा होल्डर आणला. याच्या तोंडाशी आट्यांवर फिरणारी रिंग असते. कंदिलाच्या आत आडव्या टाकलेल्या तारेच्या कड्यात होल्डरचे तोंड घालून खालून रिंग आवळली की बल्ब मधोमध बसतो आणि वाऱ्याने कंदील हलला तरी दोघे एकत्र हलतात. हे कडे पोटाच्या उंचीवर ठेवले. वायरला होल्डरच्या टोपणात गाठ मारली. सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत झाला. 649 रुपयांच्या वस्तूत आपल्याला हे बसवता आले असते.

दुकानदाराला भोक दाखवले तेव्हा ते म्हणाले, “काका, आम्ही फक्त विकतो, आत काय आहे आम्हाला काय माहीत.” त्यांचेही बरोबर आहे. म्हणून आपल्याकडे मागणी करतो :

माझे 649 रुपये परत करावेत. या संचातले होल्डर दुकानांतून मागे घ्यावेत आणि तोवर खोक्यांवर ‘9 वॅटपर्यंतचा एलईडीच लावा’ असा ठळक कागद चिकटवावा. ‘वायर खिळ्याला अडकवा’ ही ओळ चिठ्ठीतून काढावी, आणि पिवळ्या बल्बचे चित्र खोक्यावरून जावे. तुळशीच्या लग्नापर्यंत आणि त्यापुढेही बऱ्याच घरांत कंदील लागलेले असतात, त्यामुळे हे पुढच्या वर्षीवर ढकलू नये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. भोक पडलेला कंदील, वाकडा होल्डर आणि भेगाळलेली वायर मी पिशवीत बांधून जपून ठेवली आहे. आपला माणूस बघायला येणार असेल तर संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो.

आपला,
एक ग्राहक
मंगळवार पेठ, कोल्हापूर

सोबत : बिलाची झेरॉक्स, भोकाचे आणि उघडलेल्या होल्डरचे फोटो