तक्रार: चाचणीच्या सर्व्हरवर आमच्या सभासदांची खरी माहिती, आणि सीडमध्ये ‘Test Member 1’

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
(आमच्या संस्थेची सॉफ्टवेअर पुरवठादार कंपनी)

विषय: आमच्या डेटाबेसची चाचणीसाठी घेतलेली प्रत नीट निनावी न केल्याबाबत व चाचणीच्या बनावट नोंदी निरुपयोगी असल्याबाबत.

महोदय,

आमची ग्रामीण भागातली सहकारी पतसंस्था गेली काही वर्षे आपले सॉफ्टवेअर वापरते. कर्ज विभागाच्या नव्या आवृत्तीची चाचणी घेण्यासाठी आपल्या लोकांनी आमच्या चालू डेटाबेसची प्रत मागितली. “सगळं मास्क करूनच वापरतो” असे लेखी आश्वासन मिळाल्यावर आम्ही ती दिली. त्यानंतर एका शाखेत परजिल्ह्यातल्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांचे आमच्याकडे खाते नाही, आमच्या तालुक्याशी त्यांचा संबंधही नाही. तरीही ‘आपला कर्जहप्ता थकला आहे’ असा एसएमएस आमच्या संस्थेच्या नोंदणीकृत हेडरवरून त्यांना गेला होता. शाखाधिकाऱ्याने आधी त्यांचीच उलटतपासणी घेतली, हे जास्त लाजिरवाणे.

आम्ही मास्किंगची, म्हणजे खरी माहिती बदलून ओळख लपवण्याची, स्क्रिप्ट मागवली. बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर ती मिळाली. तिचा गाभा असा आहे:

```sql
UPDATE sabhasad
SET name   = 'Member ' || id,
    mobile = '9' || lpad((random()*999999999)::bigint::text, 9, '0'),
    pan    = md5(pan);
```

एसएमएसचे कोडे इथेच सुटते. नऊने सुरू होणारा कुठलाही दहा आकडी नंबर लॉटरी काढल्यासारखा उचलला, तर तो बऱ्याचदा कुणाच्या तरी खिशात वाजतो. चाचणीच्या सर्व्हरवर एसएमएस गेटवेची आमचीच चालू किल्ली ठेवलेली होती आणि थकबाकीची स्मरणपत्रे पाठवणारा रात्रीचा जॉबही सुरू होता. बनावट नंबर कधीच लागू नये, म्हणून तो शून्याने सुरू करायचा असतो. भारतात मोबाइल नंबर सहा ते नऊ याच आकड्यांनी सुरू होतात. आपला फॉर्म असा नंबर स्वीकारत नसेल, तर चाचणीत गेटवेच्या जागी नुसती लॉगमध्ये लिहिणारी खोटी सेवा बसवायची. खरे तर दोन्ही करायला हवे. ईमेलसाठी `example.com` हे डोमेन याच कारणासाठी राखून ठेवलेले आहे. त्यावर पाठवलेले पत्र कुणाच्या घरी जात नाही.

आता `md5(pan)` कडे, म्हणजे पॅनवरून ठरावीक सूत्राने काढलेल्या सांकेतिक अक्षरमालेकडे, हॅशकडे, येऊ. आपल्या अभियंत्याने आम्हाला फोनवर ठासून सांगितले, “हॅश उलटा फिरवता येत नाही.” उलटा फिरवावा लागतच नाही. पॅनचा साचा सर्वांना माहीत आहे: पाच अक्षरे, चार आकडे, एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर पी असते आणि पाचवे आडनावाचे पहिले अक्षर असते. म्हणजे मोकळी अक्षरे पाच आणि आकडे चार. एकूण शक्यता सुमारे ११,९०० कोटी. आकडा मोठा दिसतो, पण बाजारात मिळणारे साधे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी एमडी५ काढते. सगळ्या शक्यतांची यादी करून आपल्या रकान्याशी जुळवायला काही मिनिटे पुरतात. नाव पुसून ‘Member 412’ केले तरी पॅन परत मिळतो, आणि पॅन मिळाला की माणूस मिळतो.

शिवाय एमडी५ बत्तीस अक्षरांचा असतो आणि आमचा रकाना दहा अक्षरांचा. स्क्रिप्ट अडली, तेव्हा आपल्या लोकांनी चाचणीत तो रकानाच रुंद केला. त्यामुळे चाचणीचा डेटाबेस आमच्या डेटाबेससारखा राहिला नाही, आणि पॅनच्या लांबीची तपासणी करणारा भाग चाचणीत बंद ठेवावा लागला. बरोबर रीत अशी: गुप्त किल्ली घालून हॅश काढायचा (पोस्टग्रेसमध्ये `pgcrypto` चे `hmac` आहे), त्या हॅशमधून पॅनच्याच साच्यातली दहा अक्षरे तयार करायची, दोन पॅनला एकच बनावट पॅन लागला नाही ना हे तपासायचे, आणि काम संपल्यावर किल्ली नष्ट करायची. तोवर ही किल्ली आपल्याकडे नव्हे, आमच्याकडे राहील.

हा हॅश मुळात लागतो कशाला, तर नाती टिकवण्यासाठी. एकच पॅन जिथे जिथे येतो, तिथे तिथे त्याचे बनावट रूप एकच यायला हवे. आपली स्क्रिप्ट फक्त `sabhasad` या टेबलाला हात लावते. जामीनदारांचे टेबल तिच्यात नाहीच. याचे दोन परिणाम झाले. पहिला उघड आहे: सर्व जामीनदारांची खरी नावे, खरे पत्ते, खरे पॅन आपल्या अभियंत्यांच्या लॅपटॉपवर जसेच्या तसे गेले. दुसरा परिणाम आपल्या लक्षात आलेला दिसत नाही. आमच्या नियमाप्रमाणे एका सभासदाला दोनपेक्षा जास्त कर्जांना जामीन राहता येत नाही. ही तपासणी सभासदाचा पॅन आणि जामीनदाराचा पॅन जुळवून होते. चाचणीत एका बाजूला एमडी५ आणि दुसऱ्या बाजूला खरा पॅन, म्हणजे एकही जोडी जुळली नाही. तपासणी कधी चाललीच नाही, म्हणून कधी चुकलीही नाही. अहवालात मात्र तिच्यापुढे ‘पास’ लिहिले आहे. नवी आवृत्ती चालू झाल्यावर तिसरा जामीन बिनदिक्कत मंजूर होऊ लागला. ते आमच्या कर्ज समितीच्या बैठकीत एका संचालकांनी पकडले. मास्क केलेल्या प्रतीवर चाचणी घेण्याआधी ‘किती जोड्या जुळतात’ हा आकडा मूळ डेटाबेसमध्ये आणि प्रतीमध्ये मोजून ताडायचा असतो. मास्किंगने तो बदलता कामा नये. एका क्वेरीचे काम होते.

सर्वांत गंभीर बाब शेऱ्याची. प्रत्येक व्यवहाराला आमचे कारकून शेरा लिहितात आणि तो मराठीत, मोकळ्या मजकुरात असतो. मुदत ठेव मुदतीआधी मोडली, तर कारण लिहायचा नियमच आहे. त्यामुळे तिथे कुणाच्या पतीचे डायलिसिस, कुणाच्या मुलीचा घटस्फोट, कुणाचा जमिनीचा वाद असे सगळे नावांसकट पडलेले आहे. आपण नावाचा रकाना पुसला, पण शेऱ्यात तेच नाव राहिले. अशा मजकुरातून नावे शोधून गाळण्याचा खटाटोप करू नका. ‘बापूंच्या ऑपरेशनला’ यातले बापू कोण हे कुठल्याही यादीवरून कळत नाही, पण आमच्या गावात सगळ्यांना कळते. मोकळा मजकूर सरसकट काढून तेवढ्याच लांबीचा निरर्थक मराठी मजकूर भरा. लांबी जपायची ती पासबुकाच्या छपाईसाठी.

पासबुकाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या बनावट नोंदींविषयी. शाखांमध्ये नवे पासबुक छापताना बऱ्याच सभासदांची नावे अर्धवट येऊ लागली. छपाईचा प्रोग्रॅम नावासाठी ४० बाइट मोजतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, हलंत ही वेगवेगळी चिन्हे धरली जातात. ‘ज्ञानेश्वर विठ्ठल’ हे उदाहरणाचे नाव घ्या. ‘ज्ञानेश्वर’मध्ये दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट. एक बाइट रिकाम्या जागेचा. उरले नऊ, म्हणजे तीन चिन्हे. छापून येते ‘ज्ञानेश्वर विठ’. आडनावाचा तर प्रश्नच नाही. आपल्या सीडमधली, म्हणजे चाचणीसाठी भरलेल्या बनावट नोंदींमधली, सगळी नावे ‘Test Member 1’, ‘Test Member 2’ अशी आहेत आणि इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट लागतो, म्हणून ही चूक आपल्याकडे जन्मात दिसली नसती.

जन्मतारखांचेही तेच. आपल्या सीडमध्ये तारखा वर्षभर समान विखुरलेल्या आहेत. आमच्या ज्येष्ठ सभासदांपैकी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच लावली. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच वर्षी १ जूनला जन्मलेले दोन सभासद आम्हाला नवीन नाहीत. आपला ‘दुबार खाते’ शोधणारा भाग नाव आणि जन्मतारीख पाहून अशा दोघांना एकत्र करायला निघतो. बनावट नोंदी तयार करणारी फेकरसारखी लायब्ररी वापरण्याला हरकत नाही, पण तिने दिलेल्या नोंदी आमच्या खऱ्या विखुरणीकडे ओढाव्या लागतात: १ जूनचा ढीग, तीच तीच आडनावे, वारस न नोंदलेली जुनी खाती, अज्ञान मुलांची खाती, २९ फेब्रुवारीला सुरू झालेल्या ठेवी. आणि `Faker.seed()` ला ठरावीक आकडा द्या, लायब्ररीची आवृत्तीही तीच ठेवा. म्हणजे चूक सापडल्यावर तोच डेटा पुन्हा तयार होईल. आज आपल्याकडे दर वेळी वेगळा डेटा तयार होतो आणि आमच्या तक्रारीवर “आमच्याकडे असं होत नाही” हे उत्तर येते.

व्याजाच्या आणि ३१ मार्चच्या हिशेबाची चाचणी तर बनावट नोंदींवरच घ्यावी. ओळख लपवायला मास्क केलेल्या प्रतीत तारखा मागेपुढे सरकवाव्या लागतात, आणि सरकवल्या की तिमाहीअखेर, वर्षअखेर जागेवर राहत नाही. मास्क केलेली प्रत फक्त लाखो नोंदींवर वेग किती पडतो ते पाहण्यासाठी आणि जुन्या वाकड्यातिकड्या डेटासाठी वापरा.

आपण मूळ प्रत आधी आपल्या सर्व्हरवर उतरवली आणि मग तिथे मास्क केली. पोस्टग्रेसमध्ये `UPDATE` केल्यावर ओळीची जुनी आवृत्ती `VACUUM` होईपर्यंत फाइलमध्येच पडून असते, आणि प्रतीची मूळ `pg_dump` फाइल वेगळीच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने आपण आमच्या वतीने केलेल्या प्रक्रियेची जबाबदारी आमच्या संस्थेवर टाकली आहे, म्हणून हे सहज सोडून देता येणार नाही.

तरी १५ दिवसांत पुढील गोष्टी कराव्यात. आमच्या डेटाच्या सर्व प्रती, बॅकअप आणि लॅपटॉपवरच्या फाइल्ससह, नष्ट करून तसे लेखी प्रमाणपत्र द्यावे. त्या कोणाकोणाकडे होत्या ती नावेही द्यावीत. चाचणीच्या सर्व्हरवरून आमची गेटवे किल्ली काढावी. आमच्या बाजूने ती बदललेली आहेच. यापुढे मास्किंग आमच्याच सर्व्हरवर, आमच्या माणसासमोर होईल, आणि तिथून मास्क झालेल्या डेटाबेसचा `pg_dump` तेवढा आपल्याला मिळेल. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक टेबलाचा प्रत्येक रकाना ‘ठेवा’, ‘बदला’ किंवा ‘काढा’ असा नोंदलेला असावा, आणि नोंद नसलेला रकाना दिसताच स्क्रिप्टने थांबावे. जामिनाची तपासणी आणि पासबुकाची छपाई दुरुस्त करून, मराठी नावांच्या सीडवर घेतलेल्या चाचणीचा अहवाल सोबत जोडावा.

तोपर्यंत वार्षिक देखभाल कराराचा पुढचा हप्ता संचालक मंडळाने रोखून धरला आहे.

आपला,
संगणक विभागप्रमुख
(संचालक मंडळाच्या वतीने)

प्रत माहितीसाठी: मा. अध्यक्ष, आमची पतसंस्था