ओवीच्या घशात काही अडकलं तर

ती. आई-बाबा,
सा. न.

बंगळुरूच्या ट्रेनिंगला मी होकार कळवून टाकलाय. ओवी दिवाळीपर्यंत तुमच्याकडे राहील. पाळणाघरं पाहिली हो, पण नऊ महिन्यांचं लेकरू तिथं सोडायला जीव होईना. आई, तुझा गुडघा आणि बाबांचं बीपी माझ्या डोक्यात आहे, म्हणून दिवसभराच्या मदतीला बाई ठरवलीय. पगार मी देणार, त्यावर चर्चा नको. बाबांचं रंकाळ्याचं फिरणंही बंद व्हायला नको.

आम्हा भावंडांना वाढवलेल्या तुम्हाला मी काय शिकवणार! मला ठसका लागला की बाबा पाठीवर हात फिरवत "वर बघ, चिमणी बघ" म्हणायचे. अजूनही ठसका लागला की माझी मान आपोआप वर जाते. पण ठसक्याला आवाज असतो, म्हणजे हवा आत-बाहेर होत असते. ओवी जोरात खोकतेय, रडतेय तोवर तिला खोकू द्या. पाणी पाजू नका, थोपटू नका, फक्त तिच्यावरची नजर काढू नका. मला भीती आहे ती आवाज बंद होण्याची.

समजा, बाबांच्या भडंगाच्या ताटलीतला शेंगदाणा तिनं तोंडात घातला. तोंड उघडं, डोळे मोठे, पण ना रडणं ना खोकला, आणि ओठ निळसर. तेव्हा आईनं फोन स्पीकरवर टाकून १०८ लावायचा आणि बाबांनी त्याच क्षणी खुर्चीत बसायचं. ओवीला डाव्या हातावर पालथं घ्या, हात मांडीवर टेकवा, तिचं डोकं छातीपेक्षा खाली असू दे. तिचा जबडा बोटांत धरा, गळा दाबला जाऊ देऊ नका. उजव्या तळहाताच्या मनगटाकडच्या जाड भागानं दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीवर ५ फटके द्या. बाबा, तुमचा हात कचरेल, मला माहीत आहे. पण ढेकर काढतानाचं थोपटणं इथं उपयोगाचं नाही, फटका ठसठशीत हवा.

निघालं नाही, तर मान आणि डोकं सांभाळत तिला उताणं करा, डोकं खालीच. दोन्ही स्तनाग्रांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित खाली, छातीच्या मधल्या हाडावर, तळहाताच्या त्याच भागानं ५ दाब द्या, साधारण सेकंदाला एक. पोटावर दाबायचं नाही. मोठ्या माणसाचं पोट दाबतात तसं तान्ह्याचं दाबलं तर यकृताला इजा होऊ शकते. पुन्हा पाठीवर ५, छातीवर ५, वस्तू निघेपर्यंत किंवा ती रडेपर्यंत. आई, घशात बोट घालून चाचपायचं नाही. दाणा आणखी आत सरकतो. समोर दिसला तरच अलगद काढ. पाय धरून उलटं टांगणंही नको.

आता हे लिहिताना माझाच हात थांबतोय, पण वाचा. ती सैल पडली, हाक मारून हलेना, तर बाळाला घेऊन रिक्षानं सीपीआर हॉस्पिटलला धावू नका. रिक्षात छाती दाबता येत नाही. तिला फरशीवर उताणं ठेवा आणि तिथंच सुरू करा. छातीच्या मधोमध ३० दाब, सुमारे ४ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दाब तळहातानं द्या, किंवा दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी. शेजारच्या काकू दोन बोटांनी सांगतील. पूर्वी तसंच शिकवायचे, अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२५ च्या सूचनांत ते काढून टाकलं, कारण तेवढी खोली बोटांनी मिळत नाही.

मग तोंडात डोकावा, वस्तू दिसली तर काढा. डोकं सरळ ठेवा, फार मागे वाकवू नका. तिचं नाक आणि तोंड दोन्ही तुमच्या तोंडानं झाकून २ छोटे श्वास, एकेक सेकंदाचे, छाती जरा उचलेल इतकेच. छाती उचललीच नाही तर डोकं नीट करून पुन्हा बघा आणि लगेच दाबांकडे वळा. ३० आणि २, अँब्युलन्स येईपर्यंत किंवा ती श्वास घेऊ लागेपर्यंत. दमलात तर आईला आलटून पालटून घ्या. घरात एकटंच कुणी असेल तरी फोन स्पीकरवर ठेवून हात चालूच ठेवायचे.

दाणा निघाला, ओवी हसायला लागली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छाती दाबलेली असते, आणि एखादा तुकडा श्वासनलिकेत राहिला तर नंतर खोकला किंवा शिट्टीसारखा श्वास सुरू होतो.

भडंग खाऊ नका असं नाही म्हणत, बाबा. फक्त टेबलावर खा, सतरंजीवर नको. द्राक्षं देताना आई, उभी चिरून चार फोडी कर. माझी जुनी बाहुली माळ्यावरून काढून ठेवा, रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघांकडून करून घेणार आहे. "आम्हाला येतंय" चालणार नाही.

तुमची,
मनू