टाकीतले पाणी उलटे आमच्या नळात येते: अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी,
आपली गृहनिर्माण संस्था, नेरुळ, नवी मुंबई

विषय: जमिनीखालच्या टाकीच्या इनलेटवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवणे व टाकीत सोडलेला लांब पाइप कापणे

स.न.वि.वि.

शटडाउन झाले की दुसऱ्या दिवशी तळमजल्याच्या डायरेक्ट लाइनच्या नळांना गढूळ पाणी येते, ही तक्रार मी पावसाळ्याआधी लेखी दिली. तिची पोच माझ्याकडे आहे, उत्तर मात्र आजतागायत नाही. सचिवांनी जिन्यात उभ्या उभ्या सांगितले, "पालिकेचे पाणीच गढूळ आहे." प्लंबर म्हणाला, "एनआरव्ही आहे की आपल्याकडे." दोघांचेही म्हणणे चुकीचे आहे. का, ते या वेळी सविस्तर लिहिते, म्हणजे पुन्हा जिन्यात चर्चा नको.

मोरबे धरणाचे पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन आपल्याकडे येते. शेजारच्या इमारतीला त्याच मेन लाइनवरून जोडणी आहे आणि त्यांच्याकडे शटडाउननंतर असा गाळ येत नाही, हे मी तिथल्या दोन घरी जाऊन विचारले आहे. आमच्या पहिल्या बादलीच्या तळाशी मात्र करड्या रंगाचा, बोटाला बुळबुळीत लागणारा थर बसतो. टाकी साफ करताना भिंतीवरून खरवडून निघतो, तोच हा गाळ. क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकले तर पहिल्या बादलीत रंग येत नाही. नळ थोडा वेळ वाहू दिला की तेच पाणी पिवळे दिसू लागते, म्हणजे तेव्हा कुठे पालिकेचे ताजे पाणी सुरू होते.

मागच्या शटडाउनला मी वॉचमनला टाकीचे झाकण उघडायला लावले आणि पाण्याच्या पातळीशी भिंतीवर खूण केली. वर चढवायचा पंप संध्याकाळपर्यंत बंदच होता. तरी पातळी चार बोटे उतरली. आपली टाकी साधारण पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद आहे, म्हणजे हजार लिटरच्या आसपास पाणी गेले. टाकी गळत असती तर एरवीही पंप बंद असताना उतरली असती, तशी ती उतरत नाही. त्याच वेळी माझ्या स्वयंपाकघरातला नळ उघडला तर पाणी नाही, फुस्स असा आवाज, आणि तोंडाशी तळवा धरला तर आत ओढला जात होता. लाइन रिकामी होत होती आणि जाता जाता टाकीतले पाणी खेचत होती.

आता ते खेचले का जाते, हे समजून घ्यावे ही विनंती. पूर्वी इनलेटचे तोंड टाकीच्या वरच्या कडेपाशी होते आणि पाणी वरून खाली पडायचे. लाइनचा दाब गेला तरी पाइपच्या तोंडाशी फक्त हवा असायची, त्यामुळे लाइनमध्ये हवाच जायची. ००४ च्या सभासदांना पहाटे पाणी पडण्याचा आवाज सहन होत नाही, म्हणून त्यांनी तिथे पीव्हीसीचा लांब पाइप जोडून घेतला. तो आता तळापासून वीतभर उंचीपर्यंत पाण्यात बुडालेला आहे. रॉकेलच्या पिंपात नळी घालून तोंडाने ओढ दिली की पिंप आपोआप उतरू लागते, तसेच हे आहे. फक्त इथे ओढ देते ती खाली उतरणारी मेन लाइन. आणि पाइपचे तोंड तळाशी असल्यामुळे गाळच आधी उचलला जातो. बॉल कॉक हे अडवत नाही. टाकी भरलेली नसताना चेंडू खाली लोंबतो आणि कॉक उघडाच असतो.

प्लंबर ज्या एनआरव्हीबद्दल बोलतो तो पंपाच्या पुढे, गच्चीकडे जाणाऱ्या पाइपवर आहे. गच्चीच्या टाकीचे पाणी पंपातून खाली येऊ नये एवढेच त्याचे काम. इनलेटशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ही गोष्ट मी खजिनदारांना प्रत्यक्ष दाखवली, त्यांनी मानही डोलावली आणि पुढच्या सभेच्या इतिवृत्तात "एनआरव्ही अस्तित्वात आहे" असे लिहून आले.

जागेबद्दल मी आग्रही आहे, कारण इथेच घोटाळा होईल. मीटरच्या पुढे आपल्या लाइनला टी आहे. त्यातून एक फाटा तळमजल्याच्या नळांना जातो आणि दुसरा टाकीला. व्हॉल्व्ह मीटरपाशी, म्हणजे टीच्या आधी बसवला तर पालिकेची लाइन वाचेल, पण टाकी आणि आमचे नळ एकमेकांना जोडलेलेच राहतील. तो टीच्या नंतर, टाकीकडच्या फाट्यावर हवा. अंगावरचा बाण टाकीच्या दिशेने असावा. आपल्याकडे दाब आधीच कमी, त्यामुळे स्प्रिंगचा नको. पितळी, आत झडप झुलणारा घ्यावा, तो कमी दाबालाही उघडतो. दोन्ही बाजूंना युनियन द्याव्यात, म्हणजे वर्षातून एकदा काढून साफ करता येईल. झडपेत खडा किंवा टेफ्लॉन टेपचा तुकडा अडकला तर ती अर्धवट उघडी राहते आणि बाहेरून काही कळत नाही.

म्हणूनच नुसत्या व्हॉल्व्हवर माझे समाधान होणार नाही. तो लांब पाइपही कापावा. ओव्हरफ्लोच्या पातळीपासून इनलेटचे तोंड पाइपच्या व्यासाच्या किमान दुप्पट उंच राहिले पाहिजे. आपला पाइप दोन इंची आहे, म्हणजे चार इंच. हवेच्या या फटीत बिघडण्यासारखे काही नाही. आवाजाचाच प्रश्न असेल तर ००४ ने खिडकी बंद करावी, पण बारा घरांच्या पिण्याच्या पाण्यावर तो उपाय नको.

आणखी एक. याच सभासदांनी डायरेक्ट नळावर छोटी मोटर लावली आहे. थेट लाइनवर मोटर लावायला मनाई आहे, हे समितीने आपल्याच नोटीस बोर्डावर लावले होते. पुरवठा संपल्यावरही ती चालू राहते, आणि लाइन रिकामी असली की तिला मिळते ते टाकीतलेच पाणी. ते त्याने गाडी धुतात, म्हणून त्यांना कळत नाही. फाट्यात उरलेले सकाळी आमच्या नळातून येते. ००१, ००२ आणि ००५ या सर्वांचे माझ्यासारखेच मत आहे. वाद नको म्हणून ते सही करत नाहीत, एवढेच.

उपविधींप्रमाणे टाक्या, पंप आणि बाहेरच्या पाण्याच्या लाइन यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायची असते. गेटच्या रंगकामाला निधी निघाला, तेव्हा कोटेशनसाठी कोणी थांबले नव्हते. इथे एक व्हॉल्व्ह, दोन युनियन आणि प्लंबरची अर्ध्या दिवसाची मजुरी एवढाच खर्च आहे.

पुढील शटडाउनच्या आत व्हॉल्व्ह बसवावा, पाइप कापावा आणि मोटर काढल्याची लेखी नोंद द्यावी. काम झाल्यावर शटडाउनच्या दिवशी पंप बंद ठेवून टाकीवर पुन्हा खूण करावी. पातळी हलली नाही तर माझी तक्रार मी स्वतः मागे घेईन. तोपर्यंत या पत्राची प्रत पालिकेच्या विभाग कार्यालयाला देत आहे, कारण ते हजार लिटर पाणी फक्त आमच्या नळांत गेलेले नाही.

कळावे,
आपली नम्र,
सभासद, खोली क्र. ००३, तळमजला