परडीत वजनकाटा लपवून आणणाऱ्या वहिनींना

प्रिय वहिनी,

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "पुरे गं, त्यात काय एवढं" म्हणून उठता आणि ओव्हनमध्ये केक बघायला जाता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं. सुट्टीला वेंगुर्ल्याला आले आहे, पडवीत बसून लिहिते आहे. पाऊस कोसळतोय, आणि आत आईची कॉफी चुलीवर नसली तरी तिचा वास मात्र सकाळपासून घरात रेंगाळलाय.

दोन वर्षांपूर्वी मी शिकायला लीलला गेले, फ्रान्सच्या अगदी उत्तरेला. वसतिगृहात एका मजल्यावर आम्ही सोळाजणं आणि स्वयंपाकघर एकच. त्यात विजेच्या चार शेगड्या, त्यातली एक बंद. सकाळी साडेसातला तिथे उभं राहायला जागा नसायची. एकीकडे कुणाची अंडी, दुसरीकडे कुणाचा पास्ता, आणि सिंकमध्ये रात्रीची भांडी. त्या गर्दीत मला फक्त एक कप कॉफी हवी होती, आई सकाळी सहाला करते तशी. गूळ घातलेली, जायफळाची, दाट.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "दोन चमचे पावडर, वायच गूळ, नि जायफळ." किती जायफळ? "माका खय ठाऊक माप? हाताक कळता ता." व्हिडिओ कॉल लावून करायला सांगितलं, तर कॅमेऱ्यासमोर ती अवघडली. चमचा सपाट करून पावडर मोजू लागली. एरवी ती असं कधीच करत नाही. त्या मापाने मी केलेली कॉफी पाणचट झाली आणि मी तुम्हाला रडत फोन केला. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुझ्या आईला विचारायचं नाही. तिच्या हाताला विचारायचं."

पुढचे तीन दिवस तुम्ही जास्वंदीची फुलं न्यायच्या निमित्ताने आमच्याकडे सहाच्या आत येत होतात आणि परडीत फुलांखाली केकचं सामान तोलायचा तुमचा छोटा काटा असायचा, हे मला खूप नंतर कळलं. आई तुळशीला पाणी घालायला गेली की तुम्ही पावडरचा डबा तोलायचात. ती कॉफी करून बाबांना द्यायला पडवीत आली की पुन्हा तोच डबा. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे आईच्या हाताने घातलेली पावडर. पहिल्या दिवशी ९ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी ८, तिसऱ्या दिवशी पुन्हा ९. गुळाच्या बरणीचंही तसंच, २० च्या आसपास. पाणी आई ज्या स्टीलच्या पेल्याने घेते, तो पेला तुम्ही नंतर भरून मोजलात: १५० मिली. दूध २५०. दोन माणसांची कॉफी, तीन दिवसांत एका ग्रॅमचा फरक. आईला माप ठाऊक नाही, पण तिचा हात चुकत नाही. हे आकडे तुम्ही पाठवले तेव्हा मी ते कितीदा वाचले असतील कुणास ठाऊक.

जायफळ मात्र काट्यावर येईना. एक ग्रॅमच्या खालचं काही तो दाखवतच नाही. तेव्हा तुम्ही आईचा हात बघत उभ्या राहिलात आणि वेढे मोजलेत. सहाणेवर चार थेंब पाणी, त्यावर जायफळाचे सात वेढे. वजन नाही जमलं तर वेढे मोजायचे, हे मला सुचलं नसतं.

जायफळं मी घरचीच नेली होती, मागच्या पोफळीतल्या झाडाची. फळ झाडावरच उकललं की आतली बी काढून, लाल जायपत्री सोडवून, आई ती चुलीच्या वर ठेवते. हलवल्यावर कवचात खुळखुळली की वाळली. कवच फोडायचं ते वापरायच्या वेळीच, म्हणून ती तिकडे वर्षभर वास धरून राहिली. पण लीलला सहाण कुठून आणणार? किसणीवर किसलं तर त्याचे कण दातांखाली येत. तुम्ही विचारलंत, "चिनी मातीचा कप आहे ना? उपडा कर." कपाच्या बुडाला जी कडा टेबलावर टेकते तिच्यावर चकाकी नसते, खरखरीत असते ती. तिच्यावर दोन थेंब पाणी टाकून मी जायफळ फिरवलं आणि दुधाळ तपकिरी गंध उतरला. त्या क्षणी त्या स्वयंपाकघरात अंड्यांचा वास होता की कशाचा, मला आठवत नाही. मला आमच्या माजघराचा वास आला.

पावडरचं कोडं लीलनेच सोडवलं. घरून नेलेली पाकिटं दोन महिन्यांत संपली आणि तिथली कॉफी नुसती कॉफी होती, पातळ आणि आंबटसर. आपल्या पाकिटावर बारीक अक्षरांत चिकोरी लिहिलेली असते, ती त्यात नव्हती. कॉफीचा काळा रंग, तो दाटपणा आणि गोडसर कडवटपणा बराचसा त्या भाजलेल्या मुळाचा असतो. आणि फ्रान्सचा उत्तर भाग तर चिकोरीचंच घर निघालं! नेपोलियनच्या काळात बाहेरून येणारी कॉफी तुटली तेव्हा तिथले लोक चिकोरीवर आले आणि मग ती सोडलीच नाही. अजून म्हातारी माणसं सकाळी दुधातून घेतात. कोपऱ्यावरच्या दुकानात ती हारीने मांडलेली होती. मी तीन भाग कॉफी, दोन भाग चिकोरी असं मिसळलं आणि रंग जुळला.

दुधाचं तुम्हाला सांगितलंच होतं. तिकडे बहुतेक दूध फार तापवून बंद केलेलं, फ्रिजबाहेर महिनोन् महिने टिकणारं असतं, आणि त्याला उकळल्यासारखा वास आधीच असतो. लाल झाकणाचं म्हणजे न काढलेल्या सायीचं, निळ्याचं अर्धं काढलेलं. मी सुरुवातीला निळं आणत होते. थंड कपाटातलं लाल झाकणाचं ताजं दूध आणायला लागले तेव्हा कुठे कॉफीला अंग आलं. आपल्या म्हशीच्या दुधाइतकं नाही, पण पुरेसं.

आता खरं सांगायचं ते. हे सगळं जमल्यावरसुद्धा कॉफी फुटत होती.

तुमच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: पाणी उकळवून पावडर घाला, एक कढ येऊ द्या, झाकून तीन-चार मिनिटं गाळ बसू द्या, गाळून घ्या, दूध घालून पुन्हा एक कढ, मग बंद करून गूळ. मी अगदी तसंच करत होते. एका कपासाठी सगळं निम्मं घेतलं होतं, फक्त पाणी ७५ ऐवजी १०० मिली, कारण तुम्हीच सांगितलं होतं की थोडं पाणी रुंद भांड्यात लवकर आटतं. आणि गूळ पडला की दोन मिनिटांत भांड्याच्या कडेला बारीक कण धरायचे, मधे हिरवट पाणी सुटायचं. पाचवेळा तेच. मागे लोक रांगेत उभे, आणि मी फुटलेली कॉफी सिंकमध्ये ओतत होते. सहाव्या वेळेस मी ठरवलं की आता साखरच घालायची.

त्या दिवशी तुम्ही दुकानासाठी कोकमाचं आगळ भरत होतात, हात लाल होते, तरी फोन भिंतीला टेकवून म्हणालात, "कर माझ्यासमोर." आधी गुळाची परीक्षा घ्यायला लावलीत. चमचाभर पाण्यात गूळ विरघळवून त्यात चमचाभर गरम दूध. ते फुटलं नाही, म्हणजे गूळ इतका आंबट नव्हता. गुळाला थोडा आंबटपणा असतोच, कॉफीलाही असतो. दूध तो सोसतं, पण उकळत असताना सोसत नाही, हे तुम्ही तेव्हाच सांगितलंत. मग मी कॉफी केली, बटण बंद केलं, गूळ घातला. तुम्ही ओरडलात, "टोप कुठे आहे?"

टोप शेगडीवरच होता. बंद केलेल्या शेगडीवर. पण ती लोखंडी तबकडी बटण फिरवल्यावर दहा मिनिटं तापलेलीच राहते आणि त्या कॉफीच्या कडेने अजून बुडबुडे येत होते. घरी गॅस बंद केला की आग गेली. आणि तुम्ही पुढे म्हणालात ते माझ्या कानात आहे: "माझी चूक गं. तुझी आई गॅस बंद करून टोप खाली कडाप्प्यावर ठेवते, मग गूळ घालते. रोज बघितलं, पण ते लिहायचं सुचलं नाही."

वहिनी, तुमची चूक नव्हती ती. तीन दिवस काटा घेऊन आलेल्या माणसाला कुठली चूक लागते? पण तुम्ही ती स्वतःकडे घेतलीत म्हणून मला शोधता आलं. दुसऱ्या दिवशी टोप उचलून सिंकजवळच्या लाकडी फळीवर ठेवला, मनात शंभर आकडे मोजले, बुडबुडे थांबले, मग गूळ घातला आणि हलक्या हाताने ढवळला. कण धरले नाहीत. शेवटी जायफळाचं गंध कपावरून पुसून त्यात घातलं. रांगेतल्या मुलीला मी सांगितलं की मला अजून दोन मिनिटं हवीत, आणि तिथेच उभ्याने प्याले.

तेव्हा तिकडे सकाळचे पावणेआठ होते, म्हणजे इथे सव्वाबारा. मी आईला फोन लावला. तिने विचारलं, "कशी झाली?" मी सांगितलं, तुझ्यासारखी. ती म्हणाली, "मगे जायफळ जास्त घातलंस काय? तू लहानपणापासून जास्त घालूक सांगतस." मी आठ वेढे घातले होते.

दोन वर्षं मी ती कॉफी रोज प्याले. परीक्षेच्या सकाळी, बर्फ पडायचा त्या सकाळी, आणि आजी गेली त्या सकाळी, जेव्हा मला येता आलं नाही. त्या दिवशी मी दोन कप केले आणि दुसरा टेबलावर तसाच ठेवला. त्याबद्दल मी तुम्हाला कधी बोलले नव्हते. आता बोलते आहे. तुमच्यामुळे त्या दिवशी घरचं काहीतरी माझ्या हातात होतं.

आईला काट्याची गोष्ट परवा सांगितली. ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, "आठ ग्राम खयच्या दिवशी पडला? त्या दिवशी माझा हात दुखत होता." तिला ते आठवत होतं.

उद्या सकाळी सहाला या. परडी नको, काटा उघडाच आणा. आईने या वर्षी गूळ बदललाय, नवी ढेप जिभेला जरा आंबूस लागते, आणि चमचाभर दुधाची परीक्षा तुमच्यासमोरच घ्यायची आहे.

तुमची,
समोरच्या घरातली