तीस एचपी ऑटोमॅटिक स्टार-डेल्टा स्टार्टर: इनकमरला फेज तुमच्या माणसाने फिरवले, वॉरंटी मात्र आमची गेली

प्रति,
व्यवस्थापक, सेवा विभाग

विषय: चेंजओव्हरला एमसीसीबी ट्रिप होणे, टायमरबद्दल दिलेला चुकीचा सल्ला आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

आज सकाळी तुमच्या सेवा केंद्राशी बोलून झालं. यापुढे फोन नाही, जे काय असेल ते लेखी.

पॅनेल तुमचं, ड्रॉइंग तुमचं, त्यामुळे स्टार-डेल्टा म्हणजे काय हे तुम्हाला सांगत बसत नाही. आमच्या फाउंड्रीत फेटलिंग शॉपच्या डस्ट कलेक्टरचा ब्लोअर आहे. मोटर २२ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, फुल लोड करंट साधारण ४० अँपिअर. कॉन्टॅक्टरच्या क्रमाबद्दल माझी तक्रार नाही. आधी स्टार ओढतो, मग मेन, टायमर संपला की स्टार सुटतो, ५० मिलिसेकंदांच्या पॉजनंतर डेल्टा लागतो. इंटरलॉकही चोख आहे. बिघडवलं ते तुमच्या माणसाने, जोडणीच्या दिवशी.

त्या दिवशी ब्लोअर उलटा फिरला. तुमच्या तंत्रज्ञाने पॅनेलच्या इनकमरला आर आणि वायच्या केबल अदलाबदल केल्या, ब्लोअर सरळ फिरला, त्याने सही घेतली आणि तो गेला. तेव्हापासून डेल्टा लागला की धाडकन आवाज येतो आणि कधी पहिल्याच, कधी तिसऱ्या स्टार्टला ६३ अँपिअरचा एमसीसीबी ट्रिप होतो. दोष शोधायला आलेल्या तुमच्या दुसऱ्या माणसाने साधा क्लॅम्प मीटर लावला, ‘क्लॅम्पवर काही दिसत नाही’ म्हणाला आणि व्हिजिट चार्ज लावून गेला. दिसणार कसं? तो झटका दोन-तीन सायकलींचा, आणि क्लॅम्पचा आकडा बदलेपर्यंत सगळं संपलेलं असतं. आम्ही शेजारच्या कारखान्यातून रेकॉर्डिंग मीटर आणला, तेव्हा पहिला पीक साडेनऊशे अँपिअरच्या घरात निघाला. हीच मोटर थेट डीओएलवर लावली असती तरी तिचा स्टार्टिंग करंट २६० च्या आसपास, ऑफसेट धरूनही पीक सहाशेच्या वर सहसा गेला नसता. म्हणजे करंट कमी करायला तुमचा स्टार्टर घेतला आणि डीओएलपेक्षा मोठा झटका विकत घेतला.

आता आजचा फोन. हा संवाद वरिष्ठांनी वाचावाच.

मी विचारलं, ‘इनकमरला फेज फिरवले, त्यामुळे डेल्टा उलट्या बाजूने लागतोय का?’

‘सर, मोटर सरळ फिरतेय ना?’

‘फिरतेय.’

‘मग फेज बरोबर आहेत.’

‘दिशा बरोबर आहे. मी डेल्टाच्या जोडणीबद्दल विचारतोय.’

‘सर, दिशा म्हणजेच फेज.’

मग बराच वेळ होल्डवरचं संगीत. परत आल्यावर साहेब म्हणाले, ‘टायमर तीन सेकंदांवर आणा. स्टारमध्ये जास्त वेळ ठेवलं की करंट साठतो.’

करंट साठतो! हे वाक्य मी मेंटेनन्सच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवलं आहे.

टायमरचं आधी सांगतो, कारण तुमचे लोक दोन वेगळी दुखणी एकाच गोळीने बरी करायला निघालेत. तुमचा टायमर पाच सेकंदांवर सेट होऊन आला. डँपर बंद ठेवूनही या ब्लोअरला वेग घ्यायला अकरा सेकंद लागतात. स्टारमध्ये अँपिअरमीटरचा काटा ऐंशी-नव्वदवर रेंगाळतो, मग भराभर उतरतो आणि खाली येऊन स्थिर होतो. तो स्थिर झाला की सेकंदभराने डेल्टा लागायला हवा. पाच सेकंदांवर लावलात तर काटा २३० च्या आसपास चढतो आणि तिथेच काही सेकंद बसून राहतो, शेडचे दिवे मंद होतात. तीनवर आणलं तर आणखी वाईट. हा टायमरचा दोष आणि तो काट्यावर डोळ्यांनी दिसतो. डँपर उघडा राहिला तर स्टारचा एक तृतीयांश टॉर्क पुरत नाही, वेग मध्येच अडकतो. अशा वेळी टायमर कितीही वाढवला तरी उपयोग नाही, हेही आम्हाला कळतं.

आम्ही टायमर बारा सेकंदांवर नेला. काटा नीट उतरू लागला, दिवे मंद होणं थांबलं, तरी धाडकन आवाज आणि ट्रिप तशीच. म्हणजे दोष दुसरीकडे होता. स्टार सुटल्यावर ५० मिलिसेकंदांत, म्हणजे अडीच सायकलींत, रोटरमध्ये उरलेल्या फ्लक्सचा व्होल्टेज सप्लायच्या मागे पडतो. स्लिप तीन टक्के धरली तर साधारण २७ अंश. तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे यू-१ बरोबर व्ही-२, व्ही-१ बरोबर डब्ल्यू-२ आणि डब्ल्यू-१ बरोबर यू-२ जोडलं आणि इनकमरला क्रम आर-वाय-बी असला, तर डेल्टात वाइंडिंगवर येणारा व्होल्टेज स्टारपेक्षा ३० अंश मागे असतो. रोटरही तितकाच मागे पडलेला, दोघं जवळजवळ जुळतात. इनकमरला दोन फेज फिरवले की तोच डेल्टा ३० अंश पुढे जातो आणि फरक साठ अंशांच्या जवळ पोचतो. दिशा इनकमरला बदला किंवा मोटरकडे, मोटर दोन्ही वेळा सरळच फिरते, म्हणूनच दिशा बघून हे कळत नाही. तुमच्या ड्रॉइंगवर हा क्रम छापलेला आहे. छापणाऱ्याला माहीत होतं, जोडणाऱ्याला नव्हतं.

आमच्या वायरमनने फेज सिक्वेन्स मीटर लावून इनकमर पुन्हा आर-वाय-बी केला आणि दिशा मोटरकडे बदलली, व्ही आणि डब्ल्यू या वाइंडिंगच्या दोन्ही टोकांच्या केबल अदलाबदल करून. दोन्ही टोकांच्या, हे तुमच्या माणसांना मुद्दाम सांगा. फक्त व्ही-१ आणि डब्ल्यू-१ बदलले तर मोटर स्टारमध्ये निमूट फिरते आणि डेल्टा लागताच एका वाइंडिंगची दोन्ही टोकं एकाच फेजवर येतात.

आता पीक साडेचारशेच्या आसपास आहे. शून्य होणार नाही, ओपन ट्रान्झिशनला झटका असतोच. पण एमसीसीबी त्यानंतर ट्रिप झालेला नाही.

हे सगळं फोनवर सांगितल्यावर उत्तर आलं: ‘सर, टर्मिनल बॉक्स तुम्ही उघडला, मग वॉरंटी बसत नाही.’ इनकमरला फेज फिरवले तुमच्या माणसाने, टायमर तीनवर आणा म्हणालात तुम्ही, आणि वॉरंटी आमची गेली. रोजच्या धक्क्यांनी काळ्या पडलेल्या डेल्टा कॉन्टॅक्टरच्या टिप्स आता आम्ही पदरच्या पैशाने बदलायच्या का?

डेल्टा कॉन्टॅक्टर बदलून द्या, व्हिजिट चार्ज परत करा आणि वॉरंटी कायम असल्याचं लेखी कळवा. इनकमरला फेज फिरवून दिशा बदलायची नाही, ही सूचना पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा. स्टिकरला किती खर्च येतो?

आणखी दोन ब्लोअरच्या पॅनेलचं तुमचं कोटेशन माझ्या टेबलावर पडून आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ते रद्द समजा. ‘करंट साठतो’ हे वाक्य तुमच्या डीलरला आणि औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक मेंटेनन्सवाल्याला मी स्वतः ऐकवीन. पूर्वी तुमचं नाव बघून पॅनेल न उघडता सही करायचो, आता कॉन्टॅक्टरच्या टिप्स मोजून घेऊ.

मेंटेनन्स इनचार्ज
(रेकॉर्डिंग मीटरचे दोन्ही आलेख आणि वहीच्या पानाची प्रत सोबत)